कार्डावरचा आकडा आणि कॉपीचा आकडा

कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड हातात घेऊन त्याची दर्शनी बाजू वाचली, तर टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत पाच-सहा खुणा दाटीवाटीने बसलेल्या दिसतात. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात १०, यू अक्षराच्या पोटात ३, शेजारी व्ही ३०, एका कोपऱ्यात रोमन एक, आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत १७० एमबी प्रति सेकंद. गिऱ्हाईक दुकानात या खुणा बघूनच कार्ड निवडतं. फोटो संगणकावर किती वेळात उतरतील, हे मात्र यांतल्या बहुतेक खुणा सांगत नाहीत, आणि जी एक खूण सांगते असं वाटतं ती अर्धंच सांगते.

माझ्या भाचीचा परवा फोन आला. ती भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला जाते. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात, त्यांच्यासाठी पहाटे कुंभारगावहून नावेत बसायचं आणि संध्याकाळी पुण्यात घरी परतून कार्ड रिकामं करायचं, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं असतं.

“मामा, कार्डावर एकशे सत्तर लिहिलंय आणि कॉपी होताना लॅपटॉप अडतीस दाखवतोय. मला बनावट कार्ड दिलंय का रे?”

“अडतीसच्या आसपास स्थिर आहे का वरखाली होतंय?”

“स्थिर आहे. मघापासून अडतीस, सदतीस, अडतीस.”

“मग कार्ड बनावट आहे असं यावरून तरी म्हणता येत नाही. अडचण कार्डाच्या बाहेर आहे.”

तिला ते पटायला वेळ लागला. पण मला हा विषय मनापासून आवडतो तो याचसाठी. कॉपी होताना पडद्यावर दिसणारा वेग बऱ्याचदा ठरावीक पायऱ्यांवरच येऊन थांबतो, आणि कोणत्या पायरीवर थांबला ते पाहिलं की अडलंय कुठे ते कळतं. यंत्र उघडावं लागत नाही, काही विकत घ्यावं लागत नाही.

आधी त्या वर्गांच्या खुणांबद्दल. सी १०, यू ३, व्ही ३० या तिन्ही खुणा लिहिण्याच्या वेगाच्या आहेत, वाचण्याच्या नाहीत. कॅमेरा कार्डावर सलग लिहीत असताना वेग किमान किती राहील, याची ती हमी असते. सी १० आणि यू १ म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी, यू ३ आणि व्ही ३० म्हणजे किमान ३०, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०. ही हमी मुख्यतः व्हिडिओसाठी आहे, कारण व्हिडिओ थांबून वाट बघू शकत नाही. भाचीचा कॅमेरा निकॉनचा डी७५००. त्याचा फोरके व्हिडिओ सेकंदाला जास्तीत जास्त १४४ मेगाबिट घेतो. आठ बिटांची एक बाइट, म्हणून १४४ ला ८ ने भागायचं, १८ एमबी येतात. व्ही ३० च्या हमीत ते सहज बसतात. या कॅमेऱ्यासाठी व्ही ९० चं कार्ड घेण्यात व्हिडिओच्या दृष्टीने काही अर्थ नाही. मेगाबिट आणि मेगाबाइट यांच्यातला हा आठपटीचा फरक लक्षात न घेतल्यामुळे लोक गरजेपेक्षा खूप महागडी कार्डं घेतात असं मी पाहिलं आहे.

फोटोंचं गणित निराळं. थवा उडतो तेव्हा ती बोट दाबून धरते आणि कॅमेरा सेकंदाला आठ फोटो घेतो. चौदा बिटांची रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरली, तर सेकंदाला २०० एमबी तयार होतात. एवढं कोणतंही साधं कार्ड गिळू शकत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या आत बफर असतो, आणि निकॉनने दिलेल्या आकड्यानुसार अशा सुमारे ५० रॉ फाइली सलग घेता येतात. बफर भरल्यावर मात्र कार्डाची लिहिण्याची ताकद उघडी पडते. कार्ड ३० च्या वेगाने लिहीत असेल तर सेकंदाला एकाच फोटोला जागा होते, ७५ ने लिहीत असेल तर तिघांना. आणि दोन्ही कार्डांवर खूण तीच असू शकते, व्ही ३०. खूण किमान सांगते, प्रत्यक्ष नाही. प्रत्यक्ष लिहिण्याचा वेग कंपनी बहुधा पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात देते. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याने ती बारीक ओळ वाचावी. समोरचा १७० हा वाचण्याचा कमाल वेग आहे, नावेत बसलेलं असताना तो काहीच उपयोगाचा नाही.

तो उपयोगी पडतो संध्याकाळी, घरी. आणि तिथे कार्डाइतकाच रीडर महत्त्वाचा.

कार्डातून निघालेला फोटो संगणकाच्या डिस्कपर्यंत पोचतो तेव्हा तो चार ठिकाणांहून जातो. आधी कार्डाच्या आतली चिप, मग कार्ड आणि रीडर यांच्यातले धातूचे संपर्क, मग रीडर आणि संगणक यांच्यातली यूएसबी, आणि शेवटी ज्या डिस्कवर लिहायचं ती डिस्क. या चारांत जो सगळ्यांत मंद त्याचा वेग पडद्यावर दिसतो. बाकीचे तिघे कितीही वेगवान असले तरी त्यांना वाट बघावी लागते.

आता भाचीचा ३८. यूएसबी २ चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. त्यातला बराच भाग देवाणघेवाणीच्या शिष्टाचारात जातो आणि प्रत्यक्षात ३० ते ४० एमबी हाती लागतात. कॉपी या पट्ट्यात येऊन सपाट झाली, की यूएसबी २ चा संशय आधी घ्यायचा. कॅमेऱ्यालाच केबल लावून फोटो घेतले तरी हाच पट्टा दिसतो, कारण डी७५०० चं पोर्ट यूएसबी २ आहे. शिवाय तेवढा वेळ कॅमेऱ्याची बॅटरी जळत राहते. म्हणून वेगळा रीडर.

“पण रीडर तर यूएसबी तीनचा आहे. आतून निळा आहे तो,” भाची म्हणाली.

“तो लावलास कशात?”

“हबमध्ये. माउस, कीबोर्ड सगळं त्यातच आहे.”

हबची कथा नेहमीची. हब स्वतः यूएसबी २ चा असला, की त्यात लावलेला कोणताही रीडर यूएसबी २ चा होतो. टाइप-सी च्या केबलींचंही तसंच आहे. दोन्ही टोकांना तेच चपटं गोलसर तोंड असतं, पण फोनबरोबर चार्जिंगसाठी येणाऱ्या बऱ्याच केबलींत यूएसबी २ च्याच तारा असतात. तोंडाचा आकार वेगाबद्दल काहीही सांगत नाही. जुन्या चौकोनी टाइप-ए तोंडाची आणखी एक गंमत आहे. त्यात यूएसबी २ चे संपर्क आणि यूएसबी ३ चे संपर्क पुढे-मागे असतात. रीडर फार हळू आत सरकवला, तर संगणकाला आधी फक्त यूएसबी २ चे संपर्क भेटतात आणि तो तेवढ्यावरच जोडणी करून मोकळा होतो. काढून एका दमात पुन्हा लावला की वेग येतो.

भाची लिनक्स वापरते, त्यामुळे अंदाज बांधत बसायची गरज नव्हती. मी तिला टर्मिनलमध्ये एक आज्ञा द्यायला सांगितली:

```
lsusb -t
```

यात जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची ओळ येते आणि ओळीच्या शेवटी जोडणीचा वेग. तिच्या रीडरच्या ओळीत `Class=Mass Storage` च्या पुढे `480M` होतं. हब काढून रीडर लॅपटॉपच्या पोर्टमध्ये थेट लावल्यावर तिथे `5000M` आलं, आणि कॉपीचा आकडा ३८ वरून ८८ वर गेला. एका पैशाचा खर्च न करता वेग दुपटीहून जास्त झाला.

मग तिचा पुढचा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. “अठ्ठ्याऐंशीच का? एकशे सत्तरचं काय झालं?”

याचं उत्तर त्या रोमन एकमध्ये आहे. तो आकडा वर्गाचा नसून बसचा आहे, म्हणजे कार्ड आणि रीडर एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलतात त्याचा. रोमन एक म्हणजे यूएचएस-१. यात माहिती चार तारांवरून जाते आणि घड्याळाचे ठोके जास्तीत जास्त २०८ मेगाहर्ट्झचे. प्रत्येक ठोक्याला चार बिट, म्हणून २०८ गुणिले ४ भागिले ८, बरोबर १०४ एमबी. प्रमाणात ठरलेली कमाल मर्यादा एवढीच. त्यातून प्रत्यक्ष ८५ ते ९५ मिळतात. भाचीचा ८८ त्याच पायरीवरचा आहे, म्हणजे तिच्या कार्डात किंवा रीडरमध्ये आता काहीही बिघाड नाही.

मग यूएचएस-१ च्या कार्डावर १७० छापतात कसे? काही कंपन्यांनी या प्रमाणाच्या बाहेर जाऊन स्वतःची युक्ती काढली आहे. ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवली की त्याच चार तारांवरून जवळजवळ दुप्पट मजकूर जातो. पण ही युक्ती समोरच्या रीडरलाही कळायला हवी. अशा जुळणाऱ्या रीडरमध्ये ते कार्ड १५०-१६० च्या पुढे जातं, आणि दुसऱ्या कोणत्याही रीडरमध्ये निमूटपणे ९० वर येतं. पाकिटावर १७० च्या शेजारी एखादी फुली किंवा चांदणी असते, तिची तळटीप हेच सांगते. मला हा प्रकार खटकतो. छापलेला वेग खोटा नाही, पण बहुतेकांच्या घरी असलेल्या रीडरमध्ये तो मिळणार नाही, आणि ते सांगायची जागा तळटीप नव्हे.

याच्याही खाली एक पायरी आहे, २० ते २२ च्या आसपासची. रीडर फार जुना असेल आणि त्याला यूएचएस येतच नसेल, तर कार्ड जुन्या पद्धतीने बोलतं. त्यात ठोके ५० मेगाहर्ट्झचे, म्हणजे चार तारांवर कमाल २५ एमबी. यूएचएसच्या वरच्या वेगांसाठी कार्ड आणि रीडर यांना ३.३ व्होल्टवरून १.८ व्होल्टवर उतरावं लागतं. ते रीडरला जमलं नाही किंवा संपर्कांवर मळ असल्यामुळे बोलणी फिसकटली, तरी गाडी याच पायरीवर थांबते. म्हणून २२ दिसला की यूएसबीकडे बघायच्या आधी कार्डाचे सोनेरी संपर्क कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा लावून बघावं. तरीही २२ च असेल तर रीडर बदलावा.

तर पायऱ्या अशा. विशीत थांबला तर कार्ड आणि रीडर यांचं जमलेलं नाही. तिशी-चाळिशीत थांबला तर यूएसबी २. नव्वदीच्या आसपास थांबला तर यूएचएस-१ आपलं काम पूर्ण करतंय.

नव्वदीच्या पुढे जायचं तर दोन वाटा. पहिली, तो जुळणारा रीडर. दुसरी, यूएचएस-२. दुसरी वाट ओळखणं सोपं आहे, कार्ड उलटं करायचं. साध्या कार्डाच्या पाठीवर संपर्कांची एकच रांग असते, नऊ जणांची. यूएचएस-२ च्या कार्डावर तिच्या खाली आणखी एक रांग असते, आठ जणांची. या दुसऱ्या रांगेतून सेकंदाला ३१२ एमबीपर्यंत माहिती जाऊ शकते आणि चांगली कार्डं प्रत्यक्ष २५० च्या आसपास वाचतात. पण रीडरमध्येही ती दुसरी रांग हवी. यूएचएस-२ चं कार्ड साध्या रीडरमध्ये घातलं तर पहिल्याच रांगेवर बोलतं, म्हणजे पुन्हा नव्वद. आणि साधं कार्ड यूएचएस-२ च्या रीडरमध्ये घातलं तरी नव्वदच, कारण कार्डालाच दुसरी रांग नाही. भाचीच्या मनात हेच होतं. महागडा रीडर घ्यायचा आणि कार्ड तेच ठेवायचं. तिला त्यातून एका सेकंदाचाही फायदा झाला नसता.

रीडरच्या पाकिटावर “यूएसबी ३” एवढंच लिहिलेलं असेल तर ते फक्त संगणकाकडच्या टोकाबद्दल आहे. कार्डाकडच्या टोकाबद्दल वेगळं लिहिलेलं असायला हवं, यूएचएस-१ की यूएचएस-२. तो शब्द कुठेच नसेल तर यूएचएस-१ च धरून चालावं.

इथे एक बारकावा फार लोकांना माहीत नसतो. डी७५०० ला स्वतःला यूएचएस-२ कळत नाही. त्यात यूएचएस-२ चं कार्ड घातलं तर फोटो काढताना ते साध्या कार्डासारखंच चालेल. पण तेच कार्ड घरी यूएचएस-२ च्या रीडरमध्ये घातलं की पूर्ण वेगाने वाचलं जाईल. म्हणजे जुना कॅमेरा न बदलताही कॉपी वेगवान करता येते. त्यासाठी एवढे पैसे घालायचे का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर आपण किती फोटो काढतो आणि ते कुठे उतरवतो यावर आहे.

भाचीचा एक भरगच्च दिवस घेऊ. दोन हजार रॉ फाइली, प्रत्येकी २५ एमबी, म्हणजे ५०,००० एमबी. हबमधून ३८ च्या वेगाने याला २२ मिनिटं लागत होती. आता ८८ ने साडेनऊ मिनिटं लागतात. जुळणाऱ्या रीडरने १६० मिळाले तर सव्वापाच मिनिटं, यूएचएस-२ च्या जोडीने २५० मिळाले तर तीन मिनिटं वीस सेकंद. बावीसवरून साडेनऊवर येणं मोठं आहे आणि ते फुकट झालं. साडेनऊवरून सव्वापाचवर यायला एक रीडर लागेल. सव्वापाचवरून साडेतीनच्या आत यायला रीडरही हवा आणि वापरातली सगळी कार्डंही नवी हवीत. प्रत्येक पुढची पायरी जास्त पैसे मागते आणि कमी मिनिटं देते.

शिवाय चौथं ठिकाण, डिस्क. भाची फोटो आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर घेते आणि मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी प्रत ठेवते. एसएसडीला २५० काही जड नाही. पण जे लोक कार्डावरून थेट बाहेरच्या छोट्या फिरत्या हार्ड डिस्कवर उतरवतात, त्यांची डिस्कच सेकंदाला सुमारे ११० लिहिते. त्यांना दोन हजार फोटोंना किमान साडेसात मिनिटं लागणारच, रीडर कितीही वेगवान असो. त्यांनी यूएचएस-२ वर खर्च करू नये. अडलंय ते डिस्कपाशी.

डिस्क अडवत असेल तर पडद्यावर तेही ओळखू येतं, कारण ते सपाट नसतं. कॉपी सुरू होताना आकडा खूप वर असतो, मग काही वेळाने अचानक खाली बसतो. सुरुवातीला संगणक मेमरीत साठवून घेतो, किंवा स्वस्त एसएसडी आपल्या वेगवान कप्प्यात, आणि तो भरला की खरा वेग दिसतो. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटातला आकडा धरू नये. आकडा मधूनच शून्यावर जाऊन परत वर येत असेल, आणि तेही दरवेळी त्याच फाइलींपाशी, तर मात्र वेगाचा विचार सोडून द्यावा. ते कार्ड वाचताना अडखळतंय. त्यावरचे फोटो लगेच दुसरीकडे काढावेत आणि ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नये.

“मग मी काय घेऊ?” भाचीने सरळ विचारलं.

मी तिला सांगितलं, रीडर आहे तोच ठेव. साडेनऊ मिनिटांत चहा होतो. त्या पैशांत तशाच क्षमतेचं आणखी एक कार्ड घे, म्हणजे आजचं कार्ड त्याच रात्री पुसायची घाई राहणार नाही. नवं कार्ड पहिल्यांदा वापरायच्या आधी एकदा पूर्ण भरून परत वाचून बघ. लिनक्सवर त्यासाठी `f3write` आणि `f3read` आहेत, विंडोजवर `H2testw`. बनावट कार्डाचा मुख्य दोष वेग नसतो. ६४ जीबी छापलेल्या कार्डात खरी जागा त्याहून फार कमी असते आणि ती संपल्यावरचे फोटो मुकाट्याने नष्ट होतात. तिची पहिली शंका दूर करायचा खरा मार्ग हा.

मला स्वतःला वेगापेक्षा जपावीशी वाटते ती यापुढची पायरी. कॉपी संपल्याचा संदेश आला म्हणजे डिस्कवर उतरलेली प्रत्येक फाइल कार्डावरच्या फाइलीशी जुळते असं नाही. ती जुळवून बघावी लागते. पण लगेच बघितलं तर संगणक ती फाइल डिस्कवरून न वाचता मेमरीतूनच दाखवण्याची शक्यता असते. म्हणून आधी कार्ड आणि बाहेरची डिस्क दोन्ही सुरक्षितपणे काढायची, पुन्हा लावायची, आणि मग तुलना करायची:

```
rsync -rcnv /media/card/DCIM/ /media/disk/bhigwan/
```

यातला `c` प्रत्येक फाइलीतला मजकूर वाचून तपासतो आणि `n` मुळे प्रत्यक्षात काहीही बदललं जात नाही. ज्या फाइली जुळत नाहीत त्यांचीच नावं छापली जातात. एकाही फोटोचं नाव आलं नाही, की प्रत पक्की. विंडोज वापरणाऱ्यांना `TeraCopy` मध्ये पडताळणीची सोय आहे. या तपासणीत कार्ड पुन्हा पूर्ण वाचावं लागतं, म्हणजे ८८ च्या वेगाने आणखी साडेनऊ मिनिटं. वेगवान रीडरचं खरं समर्थन मला कुठे सापडत असेल तर इथे. कॉपी आणि पडताळणी मिळून वेळ दुप्पट होतो, आणि थकून घरी आलेला माणूस हीच पडताळणी टाळतो.

भाचीने ते ऐकून थोडा विचार केला आणि म्हणाली, दुसरं कार्ड आधी घेते, जुळणारा रीडर पुढच्या महिन्यात. मला ते बरोबर वाटलं. पडताळणी झाल्यावर कार्ड लॅपटॉपवर पुसू नकोस, कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट कर, एवढं तिला शेवटी सांगितलं. लॅपटॉप भलतीच फाइल-पद्धत निवडू शकतो, मग कॅमेरा ते कार्ड घेतही नाही. कॅमेऱ्यात केलं की फोल्डरांची रचनाही त्याला हवी तशीच राहते.